आईचा तोल जातो, मग तिच्या पायात नेमकं काय घालायचं?

घरात आई किंवा वडील एकदा पडले, किंवा पडता पडता वाचले, की मुलं लगेच चप्पल बदलायला निघतात आणि दुकानात हाताला जे सगळ्यात मऊ लागेल ते घेऊन येतात. मी फिजिओथेरपिस्ट आहे, कोल्हापुरात घरोघरी जाऊन वयस्कर लोकांची चाल सुधारणं हे माझं रोजचं काम, आणि बऱ्याच घरांच्या दारात मला दोन जोड शेजारी शेजारी दिसतात, एक झिजून गुळगुळीत झालेली अंगठ्याची स्लीपर आणि दुसरा मुलानं हौसेनं आणलेला जाड स्पंजच्या सोलचा बूट. तोल जाणाऱ्या माणसासाठी दोन्ही चुकीचे. स्लीपर का चुकीची हे कुणालाही पटतं, बूट का चुकीचा हे सांगितलं की मात्र लोक नाराज होतात, कारण पैसे चांगले गेलेले असतात. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आपण उभे राहतो ते तीन गोष्टींच्या जोरावर. डोळे, कानाच्या आतलं तोल सांभाळणारं यंत्र, आणि पाय-घोट्यांतून मेंदूकडे जाणारी बातमी की आत्ता वजन टाचेवर आहे, का बोटांवर, का बाहेरच्या कडेवर. वय वाढलं की तिन्ही थोडं थोडं कमी होतं, आणि जुनी शुगर असेल तर तिसरं फारच कमी होतं, पाय बधिर होतात. मग ज्या पायांतून आधीच कमी बातमी येतीय त्याच्याखाली आपण जाड मऊ थर घातला तर उरलेली बातमीसुद्धा त्यात मुरून जाते. शिवाय मऊ सोल दबतो, आणि दबताना सगळीकडं सारखा दबत नाही, ज्या बाजूला वजन गेलं तीच बाजू जास्त खाली जाते, म्हणजे माणूस थोडा कलला तर बूट त्याला अजून कलवतो. घरी स्वतः करून बघा, गादीची घडी घालून भिंतीजवळ त्यावर एका पायावर उभे रहा, आणि मग तसंच नुसत्या फरशीवर उभे रहा. तरुण माणसाचा घोटासुद्धा गादीवर थरथरतो.

ही काय माझ्या एकटीची समजूत नाही. १९९२ साली कॅनडातल्या संशोधकांनी वयस्कर पुरुषांना वेगवेगळ्या सोलचे बूट घालून अरुंद तुळईवर चालवलं होतं, त्यात पातळ आणि कडक सोलवर तोल चांगला राहिला आणि जाड मऊ सोलवर बिघडला. गंमत म्हणजे आरामदायक कुठला वाटतो असं विचारलं की कल मऊ बुटाकडंच जातो. दुकानात आई "हे लई ग्वाड लागतंय पायाला" म्हणाली म्हणजे ते तिच्यासाठी सुरक्षित आहे असं होत नाही, हे डोक्यात ठेवून दुकानात जायचं.

आता कडक म्हणजे लाकडासारखं नव्हे. खालचा सोल ताठ आणि पातळ पाहिजे, आत पावलाला लागणारा थर थोडा मऊ चालतो. शुगरवाल्यांना डॉक्टर एमसीआरची चप्पल सांगतात, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराचा आतला थर, तो बधिर पायावरचा दाब पसरवतो म्हणून जखमा टळतात, आणि तो गरजेचाच आहे. फक्त त्याच्या खाली कडक रबराचा सोल आहे का हे बघायचं. नुसता स्पंजवर स्पंज असेल तर जखम टळेल पण माणूस पडेल. ज्यांच्या पायाला आधी जखम होऊन गेलीय, बोट काढलंय किंवा हाड बाहेर आलंय त्यांनी दुकानातलं काही घेऊच नये, डॉक्टरांकडून माप देऊन बनवून घ्यावं.

टाचेची उंची अडीच सेंटिमीटरच्या आत. त्याहून उंच झाली की वजन पुढं ढकललं जातं आणि टाच अरुंद असेल तर घोटा मुरगळायची भीती. एवढं पुरे, यात जास्त समजावण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट, जी मला घसरण्यापेक्षासुद्धा मोठी वाटते, ती म्हणजे चप्पल पायाला धरून राहते का. मागं पट्टा नसलेली कुठलीही चप्पल पायात ठेवायची तर बोटं आत वळवून तिला पकडावं लागतं. तुम्ही आम्ही ते न कळत करतो. म्हाताऱ्या माणसाला ते करताना पाऊल पूर्ण उचलता येत नाही, म्हणून पाय घासत, छोटी छोटी पावलं टाकत चाल होते, आणि ज्या दिवशी घाईनं वळायची वेळ येते त्या दिवशी पाय वळतो पण चप्पल जागेवर राहते. बधिर पायाचं तर अजून अवघड, चप्पल निघून मागं पडली तरी कळत नाही, मी स्वतः बघितलंय, मावशी एका पायात चप्पल घालून स्वयंपाकघरापर्यंत गेल्या आणि त्यांना पत्ता नाही.

म्हणून मागून टाच धरली पाहिजे. त्यासाठी नुसता सैल पट्टा असून भागत नाही, सगळ्यात चांगली म्हणजे टाचेमागची ताठ कड. दुकानात बूट हातात घ्या, मागची कड अंगठा आणि बोटात धरून दाबा. सहज चेपली आणि आत मुडपली तर तो बूट टाच धरणार नाही, आणि दुसरं म्हणजे घरचे लोक लवकरच ती कड दुमडून त्याची स्लीपर करून टाकतात. मग बुटाची टाच एका हातात, पुढचा भाग दुसऱ्या हातात धरून कपडा पिळतो तसं पिळून बघा, मधनं पिळला जाता कामा नये. आणि वाकवून बघा, तो बोटांच्या बुडाशी वाकला पाहिजे, जिथं आपलं पाऊल वाकतं तिथंच. मधनंच घडी पडली तर ठेवून द्या.

बांधायला नाडी चांगलीच, पण संधिवाताच्या बोटांना नाडी होत नाही आणि सुटलेली नाडी स्वतःच पाडते, त्यामुळं रुंद चिकटपट्टी बरी. एक नको, दोन असल्या तर छान, कारण संध्याकाळी पाय सुजतात आणि वरची सैल खालची घट्ट असं करता येतं. लांब टोकाची पट्टी असेल तर आईला स्वतःच्या हातानं दुकानातच लावून काढायला सांगा. तिला जमत नसेल तर घरी ती पट्टी न लावता पाय सरकवणार, हे ठरलेलं.

आता घसरण्याचं. पाय घसरतो तो बहुतेक वेळा टाच टेकतानाच. चालताना पहिल्यांदा टाचेची मागची कड जमिनीला लागते, तेव्हा पाय अजून पुढं सरकत असतो, आणि फरशीवर पाणी असेल तर सोल आणि फरशीच्या मध्ये पाण्याचा पातळ थर अडकतो. त्या पाण्याला बाजूला जायला वाट मिळाली तर रबर फरशीला भिडतं, नाही मिळाली तर पाय पाण्यावरनंच पुढं जातो. सोलवरच्या रेघा, खाचा असतात त्या पाण्याला वाट द्यायला. म्हणून खाचा टाचेच्या अगदी मागच्या कडेपर्यंत गेलेल्या पाहिजेत आणि कडेला उघड्या पाहिजेत. बऱ्याच सोलवर मधोमध सुंदर नक्षी असते आणि मागची कड मात्र सपाट, ती नक्षी काही कामाची नाही. मागची कड किंचित तिरकी कापलेली असेल तर अजून चांगलं, कारण मग टाच टेकते तेव्हा नुसती धार न लागता थोडा जास्त भाग जमिनीला लागतो.

सोल कशाचा आहे त्याला पण महत्त्व आहे. खरं रबर ओल्या फरशीवर चांगलं धरतं. पीव्हीसी, म्हणजे ते चकचकीत प्लास्टिकसारखं, थंडीत आणि वयानं कडक होतं. ईव्हीए म्हणजे हलका फोम, क्रॉक्ससारख्या घडीव चपला बऱ्याचशा त्याच्याच असतात, नवा असताना ठीक वाटतो पण लवकर झिजतो आणि झिजला की गुळगुळीत होतो. दुकानदाराला विचारलं तर तो सगळ्यालाच रबर म्हणतो, म्हणून अंगठ्याचं नख सोलवर दाबून बघा, रबरात थोडं रुततं आणि सोडलं की परत वर येतं, कडक प्लास्टिकवर नख नुसतं सरकतं. बूट घरी आणून, बदलायची मुदत असेपर्यंत, आपल्याच फरशीच्या एका कोपऱ्यात थोडं पाणी टाकून बूट तिथं ठेवा, टाचेवर हातानं जोर देऊन पुढं ढकला. मग जुन्या स्लीपरीला पण तसंच करा. फरक हाताला कळतो. दुकानातल्या गालिच्यावर चालून याचा काहीही अंदाज येत नाही.

मग जेवढी जास्त पकड तेवढं चांगलं का? नाही, आणि हे फार कमी लोक सांगतात. काही वयस्कर लोक पाय उचलत नाहीत, घासत चालतात, पार्किन्सनमध्ये तर हे ठळक दिसतं. त्यांना जर ट्रेकिंगच्या बुटासारखा खोल खाचांचा, चिकटणारा सोल घातला तर बुटाचं टोक फरशीला अडकतं आणि माणूस तोंडावर पडतो. अशा माणसाला टाचेला पकड पाहिजे, पण टोकाकडं सोल थोडा वर उचललेला, कडा गोल, आणि नक्षी उथळ पाहिजे. आईची चाल कशी आहे ते कळायला जुनी चप्पल उलटी करा. टोकाकडचा सोल घासून पांढरट, पातळ झाला असेल तर ती पाय घासत चालतीय. टाचेची बाहेरची कड थोडी झिजली असेल तर ते सगळ्यांचंच होतं, फक्त एकाच पायाची फार झिजली असेल तर त्या गुडघ्याकडं किंवा कमरेकडं बघायला लागतं, चप्पल बदलून ते जाणार नाही.

एक उदाहरण घेऊन सांगते म्हणजे हे सगळं एकत्र कसं जुळवायचं ते कळेल. शाहूपुरीकडच्या एक मावशी, वय ७४, शुगर बरीच जुनी, दोनदा पडलेल्या, दोन्ही वेळा घरातच. एकदा स्वयंपाकघरातनं मागच्या अंगणात जाताना उंबऱ्यापाशी, एकदा फोन वाजला म्हणून पटकन वळताना. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, नजर बरी. पायाला नायलॉनचा तो बारीक तंतू टोचून बघितला, जो वाकेपर्यंत दाबला की १० ग्रॅमचा दाब पडतो, तर दोन्ही अंगठ्यांखाली आणि चवड्यावर काही कळलं नाही. म्हणजे पाय बधिर आहेत. जुनी स्लीपर उलटी केली, टोकाकडं घासलेली, टाच गुळगुळीत. घरात व्हिट्रिफाइडची चकचकीत फरशी, अंगणात शहाबादी, आणि आमच्याकडचा पाऊस म्हणजे जूनपासनं त्या शहाबादीवर शेवाळ.

मुलगा म्हणाला, "ताई, मी जाऊन दोन-तीन जोड घेऊन येतो, आई घरीच घालून बघेल." मी नको म्हटलं. आईला बरोबर न्यायचं, आणि न्यायचं ते संध्याकाळी, कारण सकाळी मापात बसलेला बूट सुजलेल्या पायाला संध्याकाळी रुततो आणि बधिर पायाला रुतल्याचं कळत नाही.

जायच्या आधी घरी कागदावर उभं करून दोन्ही पायांची आखणी केली. उभं करूनच, कारण वजन पडलं की पाऊल लांब आणि रुंद होतं. उजवा २३.६ सेंटिमीटर, डावा २३.९, आणि चवड्याशी रुंदी जवळजवळ १० सेंटिमीटर. मोठ्या पायाचं माप धरायचं आणि सगळ्यात लांब बोटाच्या पुढं सेंटिमीटरभर जागा सोडायची, म्हणजे आतली लांबी २४.९ च्या आसपास हवी. मावशी कित्येक वर्षं पाच नंबर घालत होत्या आणि त्यांचा आग्रह पाचाचाच. बऱ्याच लोकांना माहीत नसतं की वयानं पाऊल पसरतं, तरुणपणीचा नंबर राहत नाही. दुकानात नंबरावर भांडण्यापेक्षा एक सोपी युक्ती आहे, बुटातला सुटा इनसोल बाहेर काढायचा, जमिनीवर ठेवायचा आणि आईला त्यावर उभं करायचं. पाऊल कडेच्या बाहेर जातंय का, पुढं किती जागा उरतीय ते सगळ्यांना दिसतं, मावशींनाही दिसलं आणि पाचाचा हट्ट तिथंच संपला. बायकांच्या डिझाइनमध्ये रुंदी कमी पडली, मग पुरुषांच्या भागातला चिकटपट्टीचा साधा काळा वॉकिंग शू बघितला. "गड्यांचं बूट मी घालू व्हय?" असं झालंच. मुलगा म्हणाला, "आई, साडीखाली कोण बघतंय, घालून तर बघ की." रुंदी बरोबर बसली.

मग जोडवी. बंद बुटात जोडवी असतील तर शेजारच्या बोटावर दाब येतो, आणि बधिर पायाला तिथं फोड आला तरी कळणार नाही. मावशी जोडवी काढणार नव्हत्या, आणि मी पण काढा म्हटलं नाही. पुढनं उघडी, मागं पट्टा असलेली सँडल घेता आली असती, पण बधिर पायाची बोटं उंबऱ्याला ठेचकळतात, म्हणून पुढनं बंदच पाहिजे होतं. तोडगा असा निघाला की जाड जोडवी जाऊन बारीक, चपटी आली, आणि बुटाचा पुढचा भाग उंच आणि वरनं ताणणाऱ्या कापडाचा घेतला. दुकानात पंधरा मिनिटं घालून बसवलं, मग बूट मोजे काढून बोटं बघितली, लाल वळ नव्हता. वळ असता तर तो बूट परत. मावशींना दुखतंय का विचारून उपयोग नव्हता, डोळ्यांनीच बघायला पाहिजे होतं.

बूट निवडताना मागची कड ताठ, सोल रबराचा, टोक किंचित वर उचललेलं आणि टोकाकडं नक्षी उथळ, कारण त्या पाय घासत होत्या. वजनाला हलका, जड बूट असला की दिवसभरात पाय अजून कमी उचलला जातो. शेजारी एक फारच देखणा जोड होता, टाचेखाली पारदर्शक फुगीर गादी असलेला, मुलाला तोच आवडला होता. मावशींना तो घालून वळायला सांगितलं, त्यांनी लगेच काउंटर धरला. साध्या बुटात वळल्या तर धरावं लागलं नाही. दुकानात हेच बघायचं, सरळ चालणं नाही तर वळणं, थांबणं, खुर्चीतनं उठणं.

घरी आल्यावर साडी दोन बोटं वर नेसायला सांगितली. जुनी स्लीपर जाड होती, नवा सोल पातळ, म्हणजे साडीचा काठ तेवढा खाली येतो आणि बुटाच्या टोकात अडकतो. हे कुणाच्या लक्षात येत नाही आणि नवीन बूट घेतल्यावरच माणूस पडतं, मग दोष बुटाला. पहिले काही दिवस बूट घरातच, थोडा थोडा वेळ, कुणीतरी जवळ असताना. घालायच्या आधी रोज आत हात फिरवून खडा, शिवणीचा दोरा, मुंगळा काही नाही ना बघायचं, आणि काढल्यावर तळपाय बघायचे, त्यांना वाकून दिसत नसेल तर सुनेनं किंवा मुलानं.

खरी अडचण पुढं आली, घरात बूट घालायची. "पायात बूट घालून सैपाक करू व्हय? देवघर हाय तिथं." हे मी जवळजवळ प्रत्येक घरात ऐकते आणि हे नुसतं हट्टानं बोललेलं नसतं, आपल्याकडं घरात चप्पल चालत नाही हे लहानपणापासनं अंगात मुरलेलं आहे. पण वयस्कर लोक पडतात ते बरेचसे घरातच, आणि अमेरिकेत व ऑस्ट्रेलियात झालेल्या अभ्यासांत घरात अनवाणी किंवा नुसत्या मोज्यांवर फिरणाऱ्या वयस्कर लोकांचं पडणं जास्त दिसलं. आता अनवाणी पायाला जमीन चांगली कळते मग असं का, असा प्रश्न कुणीही विचारेल. कारण असं की बधिर, कोरड्या, भेगा पडलेल्या पायाला चकचकीत फरशीवर पकड कमी, आधार काही नाही, आणि मोजे तर घसरतातच. म्हणून घरासाठी वेगळा जोड, जो कधीच उंबऱ्याच्या बाहेर जाणार नाही, सोल धुतलेला, हे मावशींना पटलं. देवघरासमोर एक जड, न हलणारी खुर्ची ठेवली, तिथं बसून बूट काढायचे, बसूनच पूजा करायची, बसूनच घालायचे. एका पायावर उभं राहून बूट काढायचा नाही, कुठंच नाही. खाली रबराचे ठिपके असलेले मोजे मिळतात, रात्री पलंगापासनं बाथरूमपर्यंत जायला ते अनवाणीपेक्षा बरे, पण ते टाच धरत नाहीत आणि पायात फिरून ठिपके वर येतात, म्हणून दिवसभरासाठी नकोत.

अंबाबाईच्या देवळात जाताना पायातलं बाहेरच राहणार, तिथं आतली दगडी फरशी कधी ओली, कधी तेलकट, तर गर्दी नसेल अशा वेळी जायचं आणि हाताला माणूस पाहिजे. तिथं बूट काही करू शकत नाही.

बाथरूमचं पण तसंच. साबणाच्या पाण्यावर भरवशाची पकड देणारा सोल मला तरी माहीत नाही. बाथरूमच्या स्लीपरीसाठी सुद्धा मागं पट्टा आणि खाली रबर बघाच, पण तिथला खरा उपाय म्हणजे भिंतीला पक्का बसवलेला दांडा, बसायला स्टूल, आणि खाली चोषक असलेली रबरी मॅट जी रोज उचलून वाळवायची, नाहीतर तिच्याखालीच शेवाळ धरतं. अंगणातली शहाबादी पण खराट्यानं आणि ब्लीचिंग पावडरनं घासून घ्यावी लागते, शेवाळावर कुठलाच बूट टिकत नाही. आणि हो, स्वयंपाकघरात सांडलेलं पीठ कोरडं असलं तरी पाण्याएवढंच घसरवतं.

आता कोल्हापुरीबद्दल विचारतातच. वडीलधारी पुरुष माणसं आयुष्यभर कोल्हापुरी घालत आलेली असतात, ती सोडा म्हटलं की तोंड फिरवतात. तिचा सोल पातळ आणि ताठ असतो हे खरंच चांगलं आहे, त्या बाबतीत ती स्पंजच्या बुटापेक्षा सरस. पण तळ चामड्याचा, झिजून गुळगुळीत होतो, चकचकीत फरशीवर सटकतो, ओला झाला की अजून, आणि मागं टाच धरायला काही नाही. आण्णा ऐकतच नसतील तर मधला मार्ग आहे. चप्पल लाईनला जाऊन कारागिराकडनं मागं बकलचा पट्टा लावून घ्या आणि तळाला नक्षीचं रबर शीट चिकटवून शिवून घ्या, नुसतं चिकटवलेलं पावसात सुटतं आणि सुटलेलं टोक पायात येतं. मागची कड किंचित तिरकी घासायला सांगा, त्यांना दोन मिनिटांचं काम आहे. अशी चप्पल तोल थोडासाच कमी झालेल्या माणसाला कोरड्यात चालेल. पाय बधिर असतील, किंवा हातात काठी आली असेल, तर नाही चालणार, तिथं मी ठामपणे नाहीच म्हणते, कारण अंगठ्याच्या वादीनं बोटात जखम होते आणि कळत नाही.

चप्पल बदलून जे जात नाही ते पण सांगायला पाहिजे. उठल्या उठल्या डोळ्यांपुढं अंधारी येऊन पडत असतील तर बसून आणि उभं करून बीपी बघायला लागतं. झोपेच्या, बीपीच्या गोळ्या बदलल्यावर पडणं सुरू झालं असेल तर गोळ्यांची चिठ्ठी घेऊन डॉक्टरांकडं. एका बाजूचा पाय अचानक ओढायला लागला तर चप्पलेच्या दुकानात नाही, त्याच तासाला हॉस्पिटलला.

बूट किती चालतो हे महिन्यांवर ठरवू नका, सोलवर ठरवा. टाचेच्या मागच्या बाहेरच्या कडेच्या खाचा भरून सपाट झाल्या की संपला, वरनं नवा दिसला तरी. चिकटपट्टीत केस, दोरे अडकून ती धरेनाशी होते, जुन्या दातांच्या ब्रशनं साफ केली की परत धरते. मागची कड एकदा मुडपली की पहिल्यासारखी होत नाही. आणि परदेशातनं लेकीनं पाठवलेला महागाचा बूट "चांगला आहे, लग्नाकार्याला घालीन" म्हणून कपाटात वर्षानुवर्षं ठेवू नका, त्यातले बरेच सोल पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन फोमचे असतात आणि पीयू नुसत्या हवेतल्या ओलाव्यानं आतनं कुजतं, मग नेमकं कार्यालयाच्या पायरीवर सोलचा भुगा होऊन निघतो. ठेवलेला जोड काढला की आधी सोल दोन्ही हातांनी वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या किंवा हाताला चिकट लागला तर तो घालायचा नाही.